फोटो बघून ‘ओरिजनल आहे’ म्हणू नका

शेतकरी औषधाच्या बाटलीचा नाहीतर मिनरल मिक्स्चरच्या पिशवीचा फोटो पाठवतो आणि विचारतो, "दादा, हे ओरिजनल आहे का बघा ना". समोरचा माणूस पशुवैद्यक असेल, कंपनीत काम केलेला असेल किंवा नुसता जाणकार म्हणून ओळखला जाणारा असेल, तो फोटो बोटांनी मोठा करतो, सील दिसतंय, बॅच नंबर दिसतोय, लायसन्स नंबर पण आहे, आणि लिहून टाकतो, "ओके आहे, वापरा". माझं म्हणणं एवढंच आहे की हे उत्तर आपण देणं बंद केलं पाहिजे. फोटो वाचून देणं बंद करा असं मी म्हणत नाहीये, उलट ते जास्त आणि नीट व्हायला हवं, कारण पॅकवरची अक्षरं बारीक असतात, बहुतेक इंग्रजीत असतात आणि ज्याचं जनावर आजारी आहे त्याला ती वाचून देणारं कुणीतरी लागतंच. पण फोटोवरून माल नापास करता येतो, पास करता येत नाही. हा फरक आपण पाळत नाही आणि त्याची किंमत शेतकरी मोजतो.

कारण साधं आहे. नकली माल बनवणारा पहिली नक्कल करतो ती छापील भागाची. लेबल, बॉक्स, नंबर, लोगो हे सगळं खऱ्या पॅकवरून जसंच्या तसं उचलता येतं, आणि आपण फोटोत बघतो ते नेमकं हेच. आत काय भरलंय ते फोटोत येत नाही.

आता फोटोतून काय काय निघतं ते एका उदाहरणावर बघू. समजा एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची 100 मिलीची इंजेक्शनची बाटली आहे, दुभत्या गाईसाठी आणलेली, आणि शेतकऱ्याने तीन फोटो पाठवलेत, एक बॉक्सचा, एक बाटलीच्या लेबलचा आणि एक वरून झाकणाचा. बरेच जण पहिल्यांदा सील बघतात, मी म्हणेन पहिल्यांदा औषधाचं नाव आणि घटक वाचा, कारण तिथेच गाडी थांबू शकते. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध आणि हे औषध एकच आहे का, ताकद तीच आहे का, टोचायचं आहे की तोंडाने द्यायचं. मग "माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी" या अर्थाची इंग्रजी ओळ आणि पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र शोधा. 1945 च्या औषध नियमांप्रमाणे जनावरांच्या औषधावर ही दोन्ही असावीच लागतात. नसतील तर पुढचं वाचायच्या आधीच शेतकऱ्याला सांगा की ही बाटली बाजूला ठेव.

मग तारीख आणि बॅच. हे आकडे लेबल छापताना छापलेले नसतात, नंतर मशीनवर वेगळे मारलेले असतात, बऱ्याचदा शाईच्या ठिपक्या ठिपक्यांनी, त्यामुळे एखादा ठिपका उडाला की 8 चा 3 होतो, 6 चा 5 होतो, आणि बी हे अक्षर आहे की 8 हा आकडा तेच कळत नाही. आपल्या उदाहरणात उत्पादनाचा महिना 03/2024 आहे की 08/2024 आहे ते फोटोत कळत नाहीये, पण एक्स्पायरी 07/2026 अगदी स्वच्छ दिसतेय. इथे अंदाज मारायचा नाही, हिशेब करायचा. मार्च 2024 पासून जुलै 2026 अखेरपर्यंत 29 महिने होतात, असली मुदत कोण कशाला देईल, मुदत सहसा 18, 24 किंवा 36 महिन्यांची असते. ऑगस्ट 2024 पासून धरलं तर बरोबर 24 महिने. म्हणजे तो आकडा 8 असण्याची शक्यता खूप जास्त. आणि एक्स्पायरी नुसती महिना-वर्षाने लिहिली असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ती धरायची, हेही शेतकऱ्याला सांगून टाकायचं, कारण महिना उजाडला की औषध बाद असं समजून चांगली बाटली फेकणारे आहेत आणि त्याच्या उलट समजणारेही आहेत.

बॅच नंबरला मात्र असा हिशेब चालत नाही. प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने बॅच लिहिते, त्यातून वर्ष महिना ओढून काढायच्या फंदात पडू नये. तिथे पडताळायला एकच जागा आहे, बॉक्सवरची बॅच आणि बाटलीवरची बॅच. दोन्ही अक्षर न अक्षर जुळली पाहिजेत, तारखाही जुळल्या पाहिजेत. बॉक्सवर एक आणि बाटलीवर दुसरी बॅच असेल तर तो माल नापास, त्यावर चर्चा नाही, कारण बाटली कुठली, बॉक्स कुठला आणि मध्ये कुणाचा हात लागला हे कुणीच सांगू शकत नाही. दुकानदार म्हणेल की बॉक्स भिजला होता म्हणून बदलला, म्हणू दे, तरी बाटली परत करायची. आणि एखादा आकडा दोन्हीकडे पुसट असेल तर जे वाचता आलं तेवढंच लिहून जो नाही आला तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं. आपण मनाने भरलेला आकडा पुढे जाऊन कंपनीला विचारला जातो, कंपनी म्हणते अशी बॅच आमची नाहीच, आणि खरा माल खोटा ठरतो. हे उलट्या बाजूचं नुकसान आहे, याकडे कुणी बघत नाही.

सीलचं तिसरं. इंजेक्शनच्या बाटलीला रबरी बूच, त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी आवळलेली आणि बहुतेक वेळा वर प्लास्टिकची टोपी असते जी अंगठ्याने उडवायची असते. ती एकदा उडाली की परत बसत नाही. वरून काढलेल्या फोटोत टोपी नसेल आणि रबर उघडं दिसत असेल तर शेतकऱ्याला विचारा की टोपी तू काढलीस की दुकानातूनच अशी आली. दुकानातून अशी आली असेल तर संपलं. पुढे बाटलीच्या मानेचा बाजूने काढलेला फोटो मागवा, कारण मशीनने आवळलेली पट्टी मानेभोवती सगळीकडून सारखी आणि घट्ट बसते, हाताच्या पकडीने आवळलेली कुठे चेपलेली, कुठे सैल, कुठे सुरकुतलेली दिसते. रबरावर सुईचं भोक दिसलं तर तेही लिहा. पण टोपी जागेवर आहे, पट्टी सरळ आहे, म्हणजे बाटली कंपनीतूनच भरून आली असं होत नाही, कारण असली टोपी आणि पट्टी लावणारं मशीन नकली कारखान्यात पण असू शकतं. सील एवढंच सांगतं की भरल्यावर कुणी उघडलेली दिसत नाही. कुणी भरली ते सील सांगत नाही.

पातळ कॅल्शियमच्या कॅनचं तर याहून अवघड आहे. बाहेरचं झाकण फोटोत छान बंद दिसतं, पण खरं सील बऱ्याच कॅनमध्ये झाकणाच्या आत तोंडावर चिकटवलेली फॉईल असते, ती झाकण उघडल्याशिवाय दिसतच नाही. म्हणून बंद कॅनच्या फोटोवरून सील ठीक आहे असं म्हणणं म्हणजे न बघितलेलं सांगणं. पिशवीला मात्र एक चांगली खूण आहे. पिशवीचं तोंड साखळी टाक्याने शिवलेलं असतं, दोऱ्याचं योग्य टोक ओढलं की सगळी शिवण सरसर उसवते, त्यामुळे उघडून परत शिवणं सोपं असतं. पण परत शिवताना सुया जुन्याच भोकातून जात नाहीत. उजेडात तोंडाजवळून फोटो काढला तर शिवणीशेजारी रिकाम्या भोकांची दुसरी रांग दिसते. अशी रांग दिसली, दोऱ्याचा रंग मध्येच बदललेला दिसला, किंवा शिवणीत धरलेली लेबलची पट्टी नुसती टोकाला अडकवलेली दिसली, तर पिशवी एकदा उघडली गेलीय असं समजून चाला.

आता लायसन्स नंबर, जिथे सगळ्यात जास्त घोळ होतो. औषधावर उत्पादन परवान्याचा नंबर असतो, इंग्रजीत एम. एल. किंवा मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स असं लिहून पुढे दिलेला. तो बनवणाऱ्याचा असतो, विकणाऱ्याचा नाही. लेबलवर "मार्केटेड बाय" म्हणून मोठ्या अक्षरात एक नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात "मॅन्युफॅक्चर्ड बाय" म्हणून दुसरंच नाव आणि पत्ता असतो, नंबर त्या बारीक नावाचा असतो. चौकशी करताना लोक मोठ्या नावाने करतात आणि नंबर जुळत नाही म्हणून घाबरतात. दुकानात भिंतीवर लावलेला परवाना विक्रीचा असतो, त्याचा बाटलीवरच्या नंबराशी काही संबंध नाही. आणि नंबर खरा निघाला तरी काय कळलं? तर त्या नावाच्या कारखान्याला औषध बनवायची परवानगी आहे. ही बाटली त्या कारखान्यातून निघाली का, हे त्या नंबरला माहीत नसतं. चोरीच्या गाडीला दुसऱ्याच्या गाडीची नंबर प्लेट लावली तर नंबर तपासून तो खराच निघणार, तसं आहे हे.

फीड सप्लिमेंटमध्ये गोष्ट आणखी गुंतते, कारण जी वस्तू उपचाराचा दावा न करता नुसती खाद्यपूरक म्हणून विकली जाते तिला औषधाचा उत्पादन परवाना नसतो. मग पॅकवर नंबर काय असतात? जीएसटीचा 15 अक्षरांचा नंबर असतो, कुठे अन्न परवान्याचा 14 अंकी नंबर असतो, आयएसओ 9001 असतं, जीएमपीचा गोल शिक्का असतो, आणि फोटो बघणारा यातलाच एखादा बघून "लायसन्स आहे" म्हणतो. जीएसटी नंबर म्हणजे कर भरायची नोंद. आयएसओ 9001 म्हणजे कारखान्याच्या कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र, डब्यातल्या मालाचं नाही. 14 अंकी अन्न परवाना माणसांच्या अन्नाच्या धंद्यासाठी दिला जातो, त्यावरून गाईच्या कॅल्शियममध्ये कॅल्शियम किती आहे हे कळत नाही. आयुर्वेदिक पशुऔषधाचा परवाना वेगळाच असतो, तो असेल तर तसा वाचून सांगा.

यात एक नंबर खरंच कामाचा आहे, आयएसआय मार्कचा. गुरांच्या मिनरल मिक्स्चरचं मानक आयएस 1664 आहे, गुरांच्या तयार खाद्याचं आयएस 2052 आणि कोंबडी खाद्याचं आयएस 1374. खऱ्या मार्कमध्ये वर मानकाचा नंबर आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना नंबर असतो. नुसतं मार्कचं चित्र आणि खाली नंबरच नाही असा पॅक दिसला तर तो मार्क मोजायचा नाही. नंबर असेल तर बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकून बघता येतो, आणि तिथे नुसतं "सापडला" यावर थांबू नका, तीन गोष्टी जुळवा, कंपनीचं नाव, कारखान्याचा पत्ता आणि कोणत्या वस्तूसाठी परवाना आहे ती वस्तू. गुरांच्या तयार खाद्याचा परवाना घेऊन तोच नंबर मिनरल मिक्स्चरवर छापला असेल तर नंबर सापडेल, वस्तू जुळणार नाही. सगळ्याच सप्लिमेंटना हा मार्क असतो असं नाही, त्यामुळे नसणं म्हणजे नकली असंही नाही, पण असेल तर तपासायला हा एक पक्का धागा आहे.

आणि सप्लिमेंटच्या फोटोत सीलपेक्षा जास्त वेळ घटकांच्या यादीला द्या. कोंबड्यांच्या पाण्यातून द्यायच्या पावडरीच्या घटकांत कोलिस्टिन हे अँटिबायोटिक दिसलं तर सील, बॅच, होलोग्राम काहीही असू दे, ते वापरायचं नाही, कारण जुलै 2019 पासून खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि फीड सप्लिमेंटमध्ये कोलिस्टिनवर केंद्र सरकारने बंदी घातलीय. तसंच डब्यावर "सप्लिमेंट" लिहिलंय आणि खाली मस्टायटिस म्हणजे कासेची सूज बरी होते, ताप उतरतो असले दावे आहेत, आणि औषधाचा परवाना नंबर कुठेच नाही, तर तो डबा स्वतःच्याच लेबलवर नापास झाला. फोटो वाचण्याची खरी ताकद इथे आहे. नकली ओळखण्यापेक्षा चुकीचं, बंदी असलेलं आणि मुदत संपलेलं ओळखायला फोटो खूप चांगला आहे.

यावर एक वाजवी आक्षेप आहे. शेतकरी आजारी गाईशेजारी उभा आहे, त्याला हो की नाही पाहिजे, "हा आकडा वाचता आला नाही" असलं उत्तर घेऊन तो काय करणार. मला हा आक्षेप पटतो, म्हणून उत्तरातून पुढचं पाऊल निघालंच पाहिजे. आपल्या बाटलीचं उत्तर मी असं देईन: "औषधाचं नाव आणि ताकद चिठ्ठीशी जुळते. एक्स्पायरी जुलै 2026 अखेर. उत्पादनाचा महिना बहुतेक ऑगस्ट 2024. बॉक्स आणि बाटलीची बॅच जेवढी वाचता आली तेवढी जुळते, शेवटचा आकडा मात्र दोन्हीकडे पुसट आहे. टोपी जागेवर आहे. फोटोत चूक दिसली नाही, पण आत औषध खरं आहे हे फोटोवरून सांगता येत नाही. बिल घेतलंय का आणि बिलावर हीच बॅच आहे का ते बघा, आणि टोचायच्या आधी बाटली डॉक्टरांच्या हातात द्या. लेबलवर दूध किती दिवस द्यायचं नाही लिहिलंय तो फोटो पाठवा." हे वाचून शेतकऱ्याला काय करायचं ते कळतं, आणि आपण न बघितलेल्या गोष्टीची हमी दिलेली नसते.

ती शेवटची ओळ सोडू नका. 2012 पासून खाद्यासाठीच्या जनावरांच्या औषधावर हा थांबण्याचा काळ छापणं बंधनकारक आहे, आणि त्या औषधासाठी तो तपासून ठरवलेला नसेल तर दूध आणि अंड्यांसाठी कमीत कमी 7 दिवस आणि मांसासाठी 28 दिवस धरावे लागतात. बॅच नंबर वाचून देणारे ढीगभर भेटतात, हे वाचून देणारा क्वचित.

लसीच्या बाबतीत तर मी फोटोवरून चकार शब्द ठीक म्हणणार नाही. कोंबड्यांची राणीखेतची जिवंत लस 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते. ती दुपारभर उन्हात गाडीच्या डिकीत राहिली तरी लेबल तसंच, सील तसंच, बॅच तीच. पॅक शंभर टक्के खरा आणि लस मेलेली, असं होऊ शकतं. तिथे फोटो नको, बर्फाच्या डब्यातून आणली का, दुकानात फ्रीज चालू होता का, घरी आल्यावर किती वेळ बाहेर होती, हे विचारा.

फोटो कसा काढायचा हेही सांगणाऱ्याचंच काम आहे. फ्लॅश बंद, बाटली पुसून, खिडकीच्या बाजूच्या उजेडात थोडी तिरकी धरून, म्हणजे चमक अक्षरांवर येत नाही आणि दाबून उठवलेले आकडेही सावलीने दिसतात. लांबून झूम करू नका, जवळ जा. गोल बाटलीचे दोन-तीन फोटो फिरवून काढा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि ठिपक्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोवर उत्तर देऊच नका, तो पॅक शेतकऱ्याच्या हातात आहे की नाही तेच माहीत नसतं.

पण हे सगळं शेतकऱ्यावर आणि वाचून देणाऱ्यावर टाकून चालणार नाही. माणसांच्या औषधांत 300 ब्रँडना 1 ऑगस्ट 2023 पासून पॅकवर क्यूआर किंवा बारकोड लावणं सक्तीचं झालं. जनावरांच्या औषधांना, निदान अँटिबायोटिक आणि लसींना, तसंच का नको? नुसत्या क्यूआरची पण नक्कल होते हे मान्य, म्हणून प्रत्येक बाटलीचा कोड वेगळा हवा, म्हणजे एकच कोड दहा गावांतून स्कॅन झाला की कंपनीला कळेल. बॅच आणि तारीख पिशवीच्या शिवणीवर किंवा बाटलीच्या वळणावर न मारता पांढऱ्या सपाट जागेवर काळ्या शाईत मारायचा नियम करा. आणि फीड सप्लिमेंट बनवणाऱ्या प्रत्येकाची एक सक्तीची नोंदणी हवी, नंबर टाकला की नाव, पत्ता आणि कोणती वस्तू बनवतो ते मराठीत दिसेल अशी. आज दोन हजार रुपयांचा डबा घेणाऱ्याला जीएसटी नंबर बघून समाधान मानावं लागतं, हे मला चालण्यासारखं वाटत नाही.

तोपर्यंत औषधाबद्दल खरंच शंका आली तर काय करायचं ते शेतकऱ्याला फोटोच्या उत्तरातच लिहून द्या. बाटली उघडू नका, बॉक्स आणि बिल फेकू नका, त्याच बॅचची दुसरी बंद बाटली असेल तर तीही ठेवा, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाला कळवा. औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या कलम 26 प्रमाणे विकत घेणारा माणूस स्वतः सुद्धा ठरलेली फी भरून औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. आतलं द्रव्य खरं की खोटं, हे तिथेच कळतं.